एकाच हॉटेलात एका रूमला ५ टक्के, दुसरीला १८, जेवणाला पण १८... आणि वर सर्व्हिस चार्ज

पत्र:
नमस्कार साहेब, मुलीच्या साखरपुड्याला पुण्याकडचे पाव्हणे आले होते, त्यांना बेळगावात एका हॉटेलात उतरवलं. दोन रूम, एक रात्र. एक ४,२०० ची, दुसरी मोठी ६,९०० ची. रात्री खाली त्यांच्याच रेस्टॉरंटमध्ये आम्ही १४ जण जेवलो, ९,८०० चं बिल. सगळ्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलाय आणि त्याच्यावर परत जीएसटी. लहान रूमला ५ टक्के, मोठीला १८, जेवणाला १८. मॅनेजर म्हणतो सगळा गव्हर्नमेंटचा रूल आहे, आमच्या हातात काही नाही. पाव्हण्यांसमोर वाद नको म्हणून गप पैसे भरले. कोल्हापूरचा मेहुणा म्हणतो माझ्या फर्मचा जीएसटी नंबर टाकला असता तर टॅक्स परत मिळाला असता. बिलांचे फोटो जोडलेत. यात खरं काय नि खोटं काय?
— मुलीचा बाप, खानापूर

उत्तर:

पहिल्यांदा मुलीचं अभिनंदन, आणि पाव्हण्यांसमोर गप बसलात ते बरंच केलंत, बिलाचं भांडण नंतर पण करता येतंय. तुमचे तिन्ही फोटो मी मोठे करून बघितले. मॅनेजर निम्मं खरं बोललाय, निम्मं खोटं, आणि गंमत म्हणजे त्याचं जे खोटं आहे त्याच्यामुळंच तुमचा खरा टॅक्स पण वाढलाय. ते कसं ते सांगतो, जरा सावकाश वाचा.

आधी त्या सर्व्हिस चार्जचं बघू. जेवणाच्या बिलावर तुम्हाला एकाखाली एक 'एससी', 'सीजीएसटी', 'एसजीएसटी' अशी तीन छोटी नावं दिसतात बघा, एकाच साइजमध्ये, एकाच रांगेत. बघणाऱ्याला वाटतं तिन्ही सरकारी. खरं त्यातला पहिला, एससी, सरकारचा नाहीच. तो हॉटेलवाल्याचा. त्यातला एक रुपया पण सरकारकडं जमा होत नाही, फक्त त्याच्यावर जो टॅक्स लागतोय तेवढा जातो. सर्व्हिस टॅक्स नावाचा एक टॅक्स पूर्वी खरंच होता, तो २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेला, आणि नाव सारखं असल्यामुळं लोकांच्या डोक्यात अजून तो घोळ आहे. हॉटेलवाल्यांना तो घोळ सोयीचा पडतो असं माझं मत.

तर हा चार्ज द्यायलाच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. उलट आहे. केंद्राचं ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, त्यांनी ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन्स काढल्या की कुठल्याही हॉटेलनं किंवा रेस्टॉरंटनं बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज घालायचा नाही, नाव बदलून दुसऱ्या नावानं पण घ्यायचा नाही, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं की हे तुमच्या मर्जीवर आहे, दिला नाही म्हणून आत सोडणार नाही असं करायचं नाही. आणि पाचवा मुद्दा तुमच्या कामाचा, जेवणाच्या बिलात तो मिळवून मग एकूण रकमेवर जीएसटी लावायचा असं करायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन मोठ्या संघटना याच्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्टे मिळाला, म्हणून अडीच वर्षांहून जास्त काळ सगळे म्हणत होते की स्टे आहे स्टे आहे. मग २८ मार्च २०२५ ला कोर्टानं निकाल दिला, गाइडलाइन्स बरोबर आहेत म्हणून, आणि दोन्ही संघटनांना एकेक लाख रुपये खर्चाचा दंड पण लावला. त्याच्यावर पुढं अपील झालंय, खरं अपील केलं म्हणजे निकाल पुसला गेला असं होत नाही. तेव्हा कुणी 'स्टे आहे' म्हणालं तर २०२५ चा निकाल विचारा, बहुतेक पुढचं बोलणं बदलतंय.

आता तुम्ही म्हणाल, मग जो चार्जच घ्यायचा नाही त्याच्यावर जीएसटी कसा काय लागला? इथं लोक चुकतात. जीएसटीचा कायदा विचारत नाही की हा चार्ज घ्यायला पाहिजे होता की नव्हता. तो एवढंच बघतो की दुकानदारानं माल किंवा सेवा देताना गिऱ्हाइकाकडनं एकूण काय काय घेतलं. सीजीएसटी कायद्याचं कलम १५ आहे, त्यात सांगितलंय की सेवा देताना किंवा देण्याआधी जे काही केलं त्याच्यासाठी जी रक्कम लावली ती सगळी किमतीत धरायची. म्हणजे एकदा सर्व्हिस चार्ज बिलात आला की तो जेवणाच्या किमतीचाच भाग झाला, आणि जेवणाला जो रेट तोच त्याला. हॉटेलवाल्यानं तो घेऊन त्याच्यावर टॅक्स भरला नाही तर उद्या जीएसटी ऑफिस त्याला पकडणार. तेव्हा 'चार्जवर जीएसटी लावला ही फसवणूक' असं म्हणून भांडू नका, तिथं तो जिंकेल. भांडायचं ते चार्जवर. चार्ज गेला की त्याच्यावरचा टॅक्स आपोआप गेला.

टिप मात्र वेगळी हं. पोऱ्याच्या हातात तुम्ही शंभर रुपये ठेवले, बिलात नाहीत, त्याला जीएसटीशी काही देणंघेणं नाही.

आता रूमकडं येऊ, कारण तुमच्या बिलातला खरा मासा तिथं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या रूमचे रेट बदलले. एका रूमचं एका दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्यावर एक रुपया जरी गेला तरी १८ टक्के. आधी ७,५०० पर्यंत १२ टक्के होता. आणि हे ७,५०० 'एका रूमचं एका दिवसाचं' असं मोजायचं, दोन रूमचं मिळून नाही, दोन रात्रीचं मिळून पण नाही. काही लोक फोन करून विचारतात की आमचं एकूण बिल अकरा हजार झालं म्हणून १८ लावलं काय, तर नाही, तसं नसतंय.

तुमच्या दोन्ही रूम ७,५०० च्या खालच्या. मग मोठीला १८ कसा? बिलात बघा. ६,९०० भाडं, त्याच्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ६९०, झाले ७,५९०. मी वर म्हटलं तसं चार्ज किमतीचा भाग झाला, आणि ७,५०० ची रेघ ही किमतीवर मोजायची असते, रिसेप्शनच्या पाठीमागं जो टॅरिफचा बोर्ड लावलाय त्याच्यावर नाही. तर ७,५९० झाल्यावर रेघ ओलांडली आणि रूमनं १८ मध्ये उडी मारली. नुसत्या वरच्या ९० रुपयांवर नाही, पूर्ण ७,५९० वर. एखादा सीए म्हणेल की रेट ठरवताना नुसतं भाडं बघायचं, चार्ज बाजूला ठेवायचा. मी कायद्याचे शब्द जसे वाचतो तसं सॉफ्टवेअरनं लावलेलं बरोबर वाटतंय.

किती फरक पडला ते बघा, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि मलाच हसू आलं. चार्ज नसता तर ६,९०० वर ५ टक्के, म्हणजे टॅक्स ३४५, रूम ७,२४५ ला पडली असती. चार्ज लावल्यामुळं ७,५९० वर १८ टक्के, म्हणजे १,३६६ रुपये २० पैसे टॅक्स, रूम ८,९५६ रुपये २० पैशांना पडली. हॉटेलवाल्यानं ६९० रुपये मिळवायला तुमच्याकडनं टॅक्सचे १,०२१ रुपये जादा काढले. त्याच्या गल्ल्यात ६९०, सरकारच्या खात्यात हजारभर, आणि दोन्ही तुमच्या खिशातनं. ह्याला म्हणायचं चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

लहान रूमचं सोपं आहे, ४,२०० वर ४२० चार्ज, ४,६२० झाले, रेघेच्या खालीच, ५ टक्के म्हणजे २३१. चार्ज नसता तर २१०. एकवीस रुपयांचा फरक, सोडून द्या.

ही रेघ उलट बाजूनं पण चालते, तेवढं लक्षात ठेवा. बोर्डावर ८,००० लिहिलंय आणि हॉटेलनं डिस्काउंट देऊन बिलातच ७,४०० केलं तर टॅक्स ७,४०० वरच आणि ५ टक्केच. डिस्काउंट बिलावर दिसला पाहिजे मात्र, नंतर हातात रोख परत दिले तर ते धरत नाहीत. म्हणजे ज्याची रूम सात-साडेसातच्या आसपास आहे त्यानं बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यायचं की सगळं धरून, चार्ज-बिर्ज धरून, टॅक्सच्या आधीची रक्कम किती. साडेसात हजारच्या आत बसवा म्हणा, शहाणा मॅनेजर बसवतो.

आता जेवण. बाहेर खडेबाजारात किंवा कॅम्पात साध्या हॉटेलात जेवलं की ५ टक्के लागतं, मग ह्याच हॉटेलात १८ का? इथं मॅनेजरनं लबाडी केली असेलच असं नाही, हे खरोखर सरकारी रूलमध्ये बसू शकतंय. १ एप्रिल २०२५ पासून असं झालंय की ज्या हॉटेलनं मागच्या आर्थिक वर्षात कुठलीही एक रूम एका दिवसाला ७,५०० च्या वर विकली असेल, त्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटचं जेवण ह्या वर्षभर १८ टक्क्यांत. तुम्ही कुठल्या रूममध्ये राहिलात, किंवा राहिलातच नाही नुसतं जेवायला आलात, ह्याच्याशी संबंध नाही. वर कुणीतरी मागच्या वर्षी आठ हजारची रूम घेतली म्हणून आज तुम्ही खाली खाल्लेल्या इडलीला १८.

आपल्या बेळगावात हे जरा जास्तच लागू पडतं बघा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असलं की आमदार, अधिकारी, त्यांच्या मागनं फिरणारी माणसं, सगळी गावात. एरवी साडेचार-पाच हजारला जाणारी रूम त्या दिवसांत कुठल्या हॉटेलनं एक रात्र जरी ७,६०० ला विकली, तर पुढच्या एप्रिलपासून मार्चपर्यंत त्याचं सगळं रेस्टॉरंट १८ मध्ये गेलं. एका रात्रीसाठी. माझ्या एका क्लायंटला मी डिसेंबरच्या आधीच सांगतो, बाबा ७,४९९ च्या वर रेट चढवू नको, तो हसतो, खरं ऐकतो.

आणि तुमच्या हॉटेलनं तर सर्व्हिस चार्ज लावून ६,९०० ची रूम स्वतःच ७,५९० ची केली. म्हणजे मागच्या वर्षी पण असंच करत असेल तर त्याचं रेस्टॉरंट त्याच्यामुळंच १८ मध्ये गेलं असण्याची शक्यता आहे. चार्ज लावला नसता तर ना रूम १८ मध्ये गेली असती ना जेवण. हे मी फोटोवरनं शंभर टक्के सांगू शकत नाही कारण त्याच्याकडं आणखी महागड्या रूम असतील, किंवा त्यानं स्वतःहून लिहून दिलं असेल की आम्हाला १८ मध्येच ठेवा. तसं लिहून देता येतं, कारण १८ वाल्याला किराणा, गॅसबिस, भाडं ह्याच्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम त्याला भरायच्या टॅक्समधनं वजा होते, ५ वाल्याला मिळत नाही. तुम्ही त्याला एवढंच विचारा, तुमचं रेस्टॉरंट १८ मध्ये कशामुळं आहे, मागच्या वर्षी ७,५०० च्या वर रूम विकली म्हणून की डिक्लेरेशन दिलंय म्हणून. सरळ हॉटेल असेल तर सरळ उत्तर येतं. 'सिस्टीमनं लावलंय' असं उत्तर आलं तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

जेवणाचा हिशोब, ९,८०० वर ९८० चार्ज, १०,७८०, त्याच्यावर १८ टक्के १,९४० रुपये ४० पैसे, एकूण १२,७२० रुपये ४० पैसे. चार्ज नसता तर ९,८०० वर १,७६४ टॅक्स, एकूण ११,५६४. म्हणजे इथं १,१५६ रुपये ४० पैसे जादा.

सगळं मिळून तुम्ही २६,५२७ रुपये ६० पैसे भरलेत. सर्व्हिस चार्ज नसता तर २३,२१९. फरक ३,३०८ रुपये ६० पैसे. त्यातले २,०९० हॉटेलचे आणि १,२१८ रुपये ६० पैसे त्या चार्जपायी वाढलेला टॅक्स. तुम्हाला मागायचे आहेत ते हे तीन हजार तीनशे, १८ आणि ५ चं भांडण बाजूला ठेवा.

मागायचे कसे? मॅनेजरला फोन नको, लेखी पाठवा, ईमेल नाहीतर व्हॉट्सॲप, बिलांचे फोटो जोडून. दोनच वाक्यं लिहा, की तिन्ही बिलांत आम्हाला न विचारता सर्व्हिस चार्ज लावलाय, तो आम्हाला मान्य नाही, तेव्हा तो आणि त्याच्यामुळं लागलेला जादा जीएसटी परत करा आणि क्रेडिट नोट द्या. हा 'क्रेडिट नोट' शब्द मुद्दाम वापरा. कारण तो हमखास म्हणणार की बिल झालं, रिटर्न भरलं, आता सरकारकडं गेलेला पैसा कुठनं आणू. तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ह्याचीच सोय आहे, बिलात रक्कम किंवा टॅक्स जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट काढायची, तुम्हाला पैसे परत द्यायचे आणि पुढच्या रिटर्नमध्ये त्यानं तेवढा टॅक्स कमी भरायचा. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत त्याला हे करता येतं, वर्षाचं रिटर्न त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंत. त्याच्या खिशातनं टॅक्सचा एक पैसा जात नाही, जातो तो फक्त त्याचा २,०९० चा चार्ज. त्याच्या अकाउंटंटला हे पाच मिनिटाचं काम आहे. मोठ्या रूमची क्रेडिट नोट काढताना त्यानं नुसते ६९० आणि त्याच्यावरचे १८ टक्के परत दिले तर घेऊ नका, रूम परत ६,९०० ची झाली म्हणजे रेट पण ५ वर आला पाहिजे, एकूण १,७११ रुपये २० पैसे परत यायला पाहिजेत त्या एका रूमचे.

'सिस्टीममधनं निघत नाही' ह्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा गोव्याहून चोर्ला घाटानं येताना एका ठिकाणी थांबलो, दोन चहा, एक प्लेट भजी, त्याच्यावर पण सर्व्हिस चार्ज! चहा काउंटरवरनं मीच उचलून आणलेला. पोरगा म्हणाला सिस्टीम लावते ओ, निघत नाही. मी म्हटलं मालकाला बोलव. मालक आला, माझ्याकडं बघितलं, दोन बटणं दाबली, निघाला. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो चार्ज चालू-बंद करायचं बटण असतंच, फक्त पोराला ते दाबायला परवानगी नसते.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन करा, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, मराठीतनं पण बोलता येतं, कन्नडमधनं पण. ते तक्रार नोंदवून घेतात, नंबर देतात आणि हॉटेलला कळवतात. बऱ्याच केसमध्ये एवढ्यावरच पैसे परत येतात, कारण तीन हजारासाठी कुणाला दिल्लीहून पत्र नको असतं. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखापर्यंतच्या बिलाला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. खरं सांगू, तीन हजारासाठी आयोगात जावं असं मी म्हणणार नाही, हेलपाटे मोजले तर त्यापेक्षा जास्त पेट्रोल जाईल खानापूरहून. १९१५ पर्यंत जरूर जा.

एक काम आजच करा, ती बिलं थर्मल पेपरवर आहेत, फोटोत दिसतंय, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर दोन-तीन महिन्यात कोरा कागद होतील. झेरॉक्स काढून ठेवा, आणि कार्डनं किंवा यूपीआयनं भरले असतील तर तो मेसेज पण.

राहिला मेहुणा. त्याला माझ्यातर्फे नमस्कार सांगा आणि सांगा की दोन्ही बाजूनं चुकलास. एक तर साखरपुडा हा घरचा कार्यक्रम, त्याचा खर्च फर्मच्या धंद्याचा नाही, त्याचं क्रेडिट घेता येत नाही, आणि जेवणाच्या बिलाचं क्रेडिट तर धंद्याच्या कामाला असलं तरी सहसा मिळतच नाही. पण समजा तो खरंच फर्मच्या कामाला बेळगावात आला, रूम घेतली, फर्मचा नंबर टाकला. तरी उपयोग नाही. का, तर रूमचा टॅक्स हॉटेलची इमारत ज्या राज्यात आहे त्या राज्याचा. गिऱ्हाईक कोल्हापूरचा असो की काश्मीरचा, बेळगावच्या हॉटेलचं बिल सीजीएसटी आणि कर्नाटकचा एसजीएसटी असंच निघणार, दोन राज्यांमधल्या व्यवहाराला लागतो तो आयजीएसटी निघत नाही. त्याच्या फर्मचा नंबर २७ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा. हॉटेलचा २९ नं. कर्नाटकच्या बिलावरचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नंबरवर घेता येत नाही. आपल्या भागात हा घोळ रोजचा आहे, निपाणीहून कोल्हापूर जेमतेम पाऊण तासावर, माणूस सकाळी इकडं संध्याकाळी तिकडं, सोयरीक दोन्हीकडं, खरं जीएसटी नाक्यावर थांबतो. निपाणीचा व्यापारी कोल्हापुरात राहिला तरी हेच, तिथलं बिल महाराष्ट्राचं, त्याचा नंबर २९ चा, क्रेडिट नाही. ज्याचं नंबर दोन्ही राज्यांत आहे त्यानं बिल देताना ज्या राज्यात हॉटेल आहे तिथला नंबर द्यायचा, तेवढीच ट्रिक.

हॉटेलचा नंबर खरा आहे की नाही ते पण मी तुमच्यासाठी बघितलं, जीएसटीच्या साइटवर 'Search Taxpayer' मध्ये टाकला की लॉगिन न करता दिसतं. नंबर चालू आहे, रेग्युलर आहे. हे बघणं एवढ्यासाठी की काही छोटी हॉटेलं कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स स्वतःच्या खिशातनं भरायच्या योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडनं जीएसटी घ्यायची परवानगीच नसते, आणि तरी बिलावर पाच टक्के लावून ठेवतात. तुमचं तसं नाही.

लग्न कधी धरलंय? हॉल आणि रूमचं कोटेशन घ्याल तेव्हा त्याच्यावर आधीच लिहून घ्या की सर्व्हिस चार्ज लावणार नाही, आणि प्रत्येक रूमची टॅक्सच्या आधीची रक्कम वेगळी दाखवा म्हणा. कोटेशन आलं की पाठवा मला, बघून देतो.